नऊ दिवस ‘प्रलंबित’

दापोली तालुक्यात खाडीकाठी ४६ मीटर लांबीची संरक्षक भिंत बांधण्याचे काम माझ्याकडे होते आणि पावसाळ्यापूर्वी पाया जमिनीवर आणायचा होता. आमचे साहेब मुंबईहून एकाच वेळी पाच कामे पाहतात. रोज संध्याकाळी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर अहवाल पाठवायचा, एवढेच मला सांगितले होते.

वळणावरच्या ६ मीटरमध्ये जांभ्याचा कातळ अपेक्षित खोलीवर लागला नाही. त्यामुळे पायाचा सुधारित नकाशा लागणार होता आणि तो मी ४ मे रोजी सल्लागारांकडे मागितला. त्यानंतर नऊ दिवस माझ्या अहवालात ‘सुधारित नकाशा प्रलंबित’ हे एकच वाक्य जात राहिले, तेही मजुरांची हजेरी, सिमेंटच्या गोण्या आणि पाण्याचा टँकर यांच्यानंतर. लांब संदेश फोनवर अर्धाच दिसतो. माझा अडथळा ‘अधिक वाचा’च्या खाली दडलेला होता. साहेबांनी तो वाचला त्या दिवशीही पाठपुरावा मी करतो आहे असे त्यांना वाटले, आणि मला वाटत होते की ते करत आहेत. १३ मे रोजी ‘वळणाचे काम का थांबले?’ असा त्यांचा फोन आला, त्याचा राग मला अजूनही आहे, कारण मी रोज लिहीत होतो. मात्र काय हवे, कोणाकडून आणि कधीपर्यंत, हे मी एकदाही लिहिले नव्हते.

त्या संध्याकाळी मी असे पाठवले:

‘निर्णय हवा: वळणाच्या ६ मीटर पायाचा सुधारित नकाशा. मागणी ४ मे, आज नववा दिवस. सल्लागारांना आपली लेखी संमती हवी आहे. कृपया उद्या दुपारपर्यंत मेल करावा. नकाशा १५ तारखेपर्यंत न आल्यास १६ पासून सळई बांधणारे ८ कामगार रिकामे राहतील.
झाले: सरळ भागात ४० पैकी २८ मीटर काँक्रीट (काल २२).
उद्या: पुढील ६ मीटर.’

वीस मिनिटांत उत्तर आले आणि नकाशा १५ तारखेला हाती पडला.

‘काम सुरू आहे’ असे लिहिणे मी तेव्हापासून सोडले, कारण कालचा आणि आजचा आकडा शेजारी असल्याशिवाय वेग कळत नाही. अडथळ्याचा कितवा दिवस आहे हेही लिहावे, नाहीतर जुनी अडचण रोज नवी भासते. अडथळा नसेल त्या दिवशी ‘अडथळा नाही’ असे स्पष्ट लिहावे. ओळच गाळली तर अडचण नाही की लिहायची राहिली, हे साहेबांना समजत नाही. एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: अहवाल साडेपाचला, साइट सोडण्यापूर्वी पाठवावा, म्हणजे साहेबांनी काही विचारले तर टेप लावून मोजून सांगता येते. हजेरी आणि गोण्यांचा हिशेब मी आता वेगळ्या वहीत ठेवतो आणि शनिवारी एकदाच पाठवतो.