चार वाजताची भूक आणि एक ते दहाचा रकाना

आहारतज्ज्ञ मॅडमनी दिलेल्या वहीत पाच रकाने होते. त्यातल्या चारांबद्दल माझी तक्रार नाही. वेळ लिहा, काय खाल्लं लिहा, किती खाल्लं लिहा, कुठं बसून खाल्लं तेही लिहा. हिशोबाच्या टेबलावर निम्मं आयुष्य गेलेल्या बाईला यात काय अवघड? पाचवा रकाना होता 'भूक, १ ते १०'. त्या रकान्यानं मला जेवढा ताप दिला तेवढा ऑडिटनंही दिला नाही.

वही का आली ते थोडक्यात सांगते. रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ६.१ आलं होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, आधी खाणं बघा. नाष्टा, दुपारचा डबा, रात्रीचं जेवण यांत फारसं काही निघालं नाही. चिकटलेलं होतं ते चार वाजताचं. परभणीतल्या आमच्या ऑफिसात चारला चहा येतो आणि खालच्या गाड्यावरून मिरचीचे भजे येतात, कधी आलूबोंडे. मी दोन वाजता दोन ज्वारीच्या भाकरी, भाजी, वरण असा भरल्या पोटाचा डबा खाते. तरी चारला माझ्या वहीत भूक ८. रात्री साडेआठला, खरंच पोटात कावळे ओरडत असताना, तिथंही ८. मग दोन्हींत फरक काय? मॅडमनी पानं उलटली, हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या शरीराचं ऐका." अहो, ऐकतेच आहे. शरीर दोन्ही वेळेला एकच बोलायलंय, हीच तर माझी अडचण आहे.

पहिला धागा मिळाला तो साध्या हिशोबातून. घट्ट अन्नाचं जेवण जठरातून पुढं सरकायला साधारण तीन-चार तास लागतात, तेलकट असेल तर आणखी जास्त. म्हणजे दोनचं जेवण चारला बऱ्यापैकी जठरातच असतं. तरी भूक लागतेय, तर ती रिकाम्या पोटाची नाही. मग कशाची?

आमच्या ऑफिसात एक सहकारी आहेत, त्यांना सगळे भाईच म्हणतात. रमजानात रोजे धरतात. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "पहिले काही दिवस चारला जीव जातो, मॅडम. मग ती वेळ नुसती निघून जाते, भूक लागते ती इफ्तारच्या आधी." हे नुसतं मनाचं नाही. जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते भूक चेतवतं. जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधलं. आपल्या रोजच्या जेवणाच्या वेळेआधी ते वाढतं. उपाशी ठेवलेल्या माणसांतसुद्धा नेहमीच्या वेळेला ते वर चढतं आणि काहीही न खाता पुन्हा खाली उतरतं, असं दिसून आलंय. म्हणजे चारची भूक खोटी नव्हती. पोट खरंच बोलवत होतं, फक्त ते घड्याळ बघून बोलवत होतं. हे कळल्यावर माझी निम्मी चिडचिड गेली, कारण तोवर मला वाटायचं की मीच हावरट आहे.

मग मी तो पाचवा रकाना पट्टीनं रेघ मारून खोडला आणि त्या जागी तीन छोटे प्रश्न लिहिले. शेवटचं जेवण होऊन किती वेळ झाला? आत्ता समोर सकाळची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आली तर खाईन का? काही न खाता वीस-पंचवीस मिनिटं गेल्यावर भूक वाढली की विरली? आपल्याकडं म्हणतातच, भुकेला कोंडा, निजेला धोंडा. खऱ्या भुकेला वस्तू चालते, कुठलीही. चारला मला भाकरी नको असायची, फक्त भजे हवे असायचे, आणि तेही खालच्या गाड्यावरचेच. रात्री साडेआठला मात्र गार भाकरीसुद्धा गोड लागायची. एक ते दहात जे दिसलं नाही ते इथं एका ओळीत दिसलं.

पण चारला एकाच गोष्टीनं भूक लागत नव्हती. घड्याळ, वास आणि माणसं तिन्ही एकदम यायची, आणि तिन्ही सुट्या केल्याशिवाय कशावर काय उपाय करायचा ते कळत नव्हतं. इथं माझे बरेच आठवडे गेले.

घड्याळ आपोआप सुटलं. कधी कधी तीन वाजता वरिष्ठ कार्यालयाची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक लागायची आणि साडेपाचपर्यंत चालायची. मोबाईल बंद, समोर नुसते आकडे. त्या दिवशी चार कधी वाजले ते कळायचंही नाही आणि भूकही नसायची. यावर लगेच विश्वास ठेवू नका, कारण कामाच्या गडबडीत खरी भूकही दबते. मी व्हीसी संपल्यावर काय होतं ते बघत गेले. जेवण धड झालेल्या दिवशी बाहेर आल्यावरही काही नाही, थेट घरी गेल्यावर सातच्या पुढं भूक. ज्या दिवशी घाईत अर्धाच डबा खाल्ला होता, त्या दिवशी मात्र बाहेर पडताच डोकं जड, काही सुचेना, आणि भूक मिनिटामिनिटाला वाढतेय. ती खरी. तेव्हा मी मुकाट्यानं उरलेली भाकरी खाल्ली.

वासासाठी मला जागा बदलावी लागली. माझं टेबल खिडकीला, खाली तेलाची कढई. तेलात मिरची पडली की वास सरळ वर. रेकॉर्ड रूम इमारतीच्या मागच्या अंगाला आहे, तिथं धूळ आहे पण कढई नाही. चारच्या आधी फायली घेऊन तिथं जाऊन बसायचे. घड्याळाची भूक तिथंही यायची, हलकी, पोटात वर, आणि चहा येईपर्यंत ओसरायची. वासाची भूक वेगळी. ती पोटात सुरूच होत नाही, तोंडात सुरू होते. आधी जिभेखाली पाणी, मग आठवण, मग पोट जागं होतं. नुसत्या वासानंही शरीर लाळ आणि जठररस सोडायला लागतं, म्हणून पोटातही काहीतरी हलल्यासारखं वाटतं. मी खिडकी लावून घेतली की दहा मिनिटांत ती गायब. खिडकी लावल्यानं जी भूक जाते तिला भाकरीनं काय करायचं?

पोट गुरगुरण्याबद्दल इथंच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. गुरगुरणं हा पुरावा धरू नका. जठर-आतडं रिकामं असलं की साधारण दर दीड-दोन तासांनी त्यात साफसफाईची एक लाट येते, तिचा आवाज होतो. पण पचन चालू असतानाही हवा आणि पाणी सरकल्याचा आवाज होतो. मी आधी प्रत्येक गुरगुरीला ९ लिहीत होते.

राहिली माणसं. हे सगळ्यात अवघड निघालं आणि यावर वहीत एक अक्षर नव्हतं. टेबलावर जुना पेपर पसरायचा, त्यावर भजे ओतायचे, भोवती सहा-सात जण. कोणाची बढती, कोणाच्या पोराला नंबर लागला, कोणाची नवी गाडी. या खाण्याच्या आधी भूक लागतच नाही. ना पोटात, ना तोंडात. दुसऱ्यांचा हात गेला की आपला जातो. पेपरावरच्या ढिगातून आपण किती उचलले हे कोणालाच कळत नाही, आणि गप्पा संपेपर्यंत खाणं संपत नाही. माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत जास्त खातो, त्यातही ओळखीच्यांत जास्त, हे अभ्यासांतही वारंवार दिसलंय. मला खूण सापडली ती एका फोनमुळं. मधेच साहेबांनी बोलावलं, मी हातातला अर्धा भजा ठेवून गेले, आणि परत आल्यावर तो भजा मला आठवलासुद्धा नाही. भुकेलेला माणूस अर्धवट घास विसरत नाही.

उपाय म्हणून 'नको' म्हणून बघितलं. "काय मॅडम, उपास करायलाव का?" इथून सुरू झालं ते "आमच्यात बसायचं नाही म्हणा की" इथपर्यंत गेलं. दोन भज्यांपेक्षा हे महाग पडलं. मग चाललं ते असं: सगळे बसल्यावर जरा उशिरा जायचं, पेपरावरून एकदाच दोन भजे उचलून आपल्या डब्याच्या झाकणात घ्यायचे, आणि दुसऱ्या हातात चहाचा कप शेवटपर्यंत धरून ठेवायचा. झाकणात मोजता येतं, पेपरावर मोजता येत नाही. कोणी काही विचारत नाही, कारण मी खातेच आहे. वर्गणीही पूर्ण देते, नाहीतर त्यावरून वेगळी चर्चा.

पाणी पिऊन बघा हा सल्ला सगळेच देतात. मे महिन्यात, परभणीच्या उन्हात, त्याचा उपयोग झाला, कारण तेव्हा खरंच तहान असायची. थंडीत मात्र पाण्यानं फक्त खुर्चीवरून उठणं वाढलं.

आणि हे वाचून कोणी साखरेची गोळी घेणारा वीस मिनिटं थांबून बघणार असेल तर थांबू नका. माझ्या भावजींना ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू आहे. इन्सुलिन किंवा तसली गोळी घेणाऱ्याला हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, एकदम वखवखल्यासारखी भूक झाली तर ती साखर उतरल्याची खूण असू शकते. साखर मोजायचं मशीन जवळ असेल तर लगेच बघायचं, ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. मशीन नसेल तर आधी साखर, चौकशी मग. भाकरीची परीक्षा त्यांच्यासाठी नाही.

पुढच्या वेळी मॅडमकडं वही नेली तेव्हा खोडलेला रकाना बघून त्या म्हणाल्या, "हे काय केलंत?" मी त्यांना तीन प्रश्न वाचून दाखवले. त्यांनी फोटो काढून घेतला. नवीन वही दिली, तीत पाचवा रकाना तसाच छापलेला आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रात्री घरात सगळे एकदम बसतात, आणि संध्याकाळी काही जास्त झालं असेल तर त्या वेळेला मला तीनपैकी एकाही प्रश्नाप्रमाणे भूक लागलेली नसते. सासूबाईंना मी वाट बघायला लावणार नाही. म्हणून ताटावर बसते, अर्धी भाकरी घेते, आणि वहीत 'कुठं बसून खाल्लं' या रकान्यात 'घरच्यांसोबत' एवढंच लिहिते.