बिल फाटलं, गाडी हललीच नाही

मी बँकेत क्रेडिटला आहे. शेतीपंप बनवणाऱ्या एका कारखान्याला कॅश क्रेडिटची, म्हणजे माल आणि येणी यांच्या तारणावर उचलायच्या कर्जाची, लिमिट वाढवून हवी होती. बॅलन्सशीट देखणी, दोन वर्षांत नफा 4 कोटींचा 8 झालेला. शाखाधिकारी खूश, त्यांना टार्गेट असतं.

मी आधी रोख प्रवाहाचं पान उघडतो. धंद्यातून आलेली रोकड पहिल्या वर्षी 3.6 कोटी, मग 1.2, आणि यंदा उणे 2.4. आता, धंदा वाढला की उधारी वाढतेच, त्यामुळे एवढ्यावर बोंब मारायची नसते. पण विक्री 60 कोटींची 84 झाली, तर येणी त्याच प्रमाणात 12 कोटींवरून साधारण 17 व्हायला हवी होती. होती 29. पूर्वी 73 दिवसांत येणारा पैसा आता 126 दिवस लावत होता.

महिनावार विक्री मागवली. 84 पैकी 19 कोटी एकट्या मार्चचे, त्यातही बहुतेक शेवटच्या चार दिवसांतले. ती बिलं आणि माल गाडीने नेताना काढावी लागणारी ई-वे बिलं शेजारी शेजारी ठेवली. 30 मार्चच्या लाखालाखांच्या बिलांना ई-वे बिलच नाही. म्हणजे कागद हलला, गाडी नाही.

मे महिन्यात गोदामात गेलो. खोक्यांवरचे सीरियल नंबर आणि बिलावरचे नंबर जुळत होते. गोदामवाला निरागसपणे म्हणाला, "साहेब, याचं बिल मार्चातच झालंय. डीलर दिवाळीनंतर उचलतील, रब्बीला पाणी द्यायला लागले की." वर बँकेला दिलेल्या मार्चच्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही हेच पंप! एकदा शिल्लक माल म्हणून, एकदा येणी म्हणून; दोन्हींवर आमच्याकडून पैसे उचललेले.

मालक चिडले. "माल त्यांचाच आहे, जागा नाही म्हणून आमच्याकडे ठेवलाय." असं खरंच असू शकतं, हिशेबाच्या नियमांत त्याला वाव आहे. पण तशी विनंती गिऱ्हाइकाने केलेली हवी, त्याचा माल वेगळा काढून ठेवलेला हवा, आणि तो दुसऱ्याला देता येता कामा नये. दाखवलेली सहा डीलरांची पत्रं एकाच टाइपातली, चूकसुद्धा तीच. आणि विकला नाही तर माल परत, ही अट डीलरांनीच फोनवर सांगितली. ऑडिटरची सही मात्र स्वच्छ.

मला गोंधळात टाकलं होतं ते जीएसटीने. न झालेल्या विक्रीवर कर कोण भरेल, असं मी धरून चाललो होतो. यांनी भरला होता, आमच्याच लिमिटमधून.

लिमिट वाढवली नाही. पण मागच्या वर्षीची फाइल काढली. तेव्हाच नफा 5.5 कोटी आणि रोकड 1.2 होती. नोटमध्ये शेरा आहे: 'वाढीमुळे खेळतं भांडवल अडकले, समाधानकारक.' खाली सही माझीच.