पाणी टबातच, स्पिन नाही: मानेवाड्याच्या मशीनची नोंद

शनिवार

मागच्या गल्लीतल्या काकूंची फ्रंट लोड मशीन, साडेसहा किलोची, सात वर्षं वापरातली. तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहिते: "धुते चांगली, खंगाळते चांगली, अन् मग काऊन थांबते कोण जाणे. पाणी भरलेलंच रायते. पाहून दे ना वो ताई." याआधी एक मेकॅनिक येऊन गेला होता. त्यानं मशीन न उघडता आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं म्हणून सांगितलं आणि साडेसहा हजारांचा आकडा दिला. काकूंना तो पटला नाही म्हणून मला बोलावलं.

मी गेले तेव्हा दाराच्या काचेत पाण्याची रेघ दिसत होती, आत ओले टॉवेल, दार लॉक आणि स्क्रीनवर पाणी न गेल्याचा एरर. कंपनीप्रमाणे हा कोड बदलतो. कुठे OE, कुठे 5E, कुठे E18. अर्थ एकच, मशीन सांगते: मी पंप चालवून पाहिला, ठरल्या वेळात पाणी उतरलं नाही, म्हणून थांबले.

इथे कार्ड बिचारं आपलं काम नीट करत असतं. टबाच्या तळाशी हवेची एक छोटी कुपी असते, तिच्यातून एक बारीक नळी वर प्रेशर सेन्सरपर्यंत जाते. टबात पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, त्यावरून सेन्सरला पातळी कळते. ती पातळी खाली आल्याचं समजत नाही तोवर कार्ड मोटरला स्पिनचा हुकूम देत नाही, आणि देऊही नये. पाण्यात बुडालेला ड्रम हजार फेऱ्यांनी फिरवायचा म्हणजे मोटर, बेअरिंग, सस्पेन्शन सगळ्यांवर अंगाबाहेरचा भार. म्हणून "स्पिन होत नाही" हे ऐकलं की मी मोटरकडे पाहतच नाही, आधी पाणी का गेलं नाही ते शोधते.

प्लग काढला. खाली उजवीकडचं झाकण उघडून बाजूची बारीक रबरी नळी ताटलीत सोडली. पाणी आलं, पण लवकरच थेंबांवर गेलं. ही गोष्ट मी तेव्हा वहीत लिहिली नाही, आणि पुढचे चार दिवस त्यातच गेले. बराच वेळ थांबून फिल्टर फिरवून काढला. त्यात 2 रुपयांचं नाणं, केसाची एक पिन आणि दोऱ्यांचा ओला गोळा निघाला. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर होताच, तोही खरवडला. रिकामी मशीन रिन्स-स्पिनवर लावली, पाणी धाडकन गेलं, ड्रम सुसाट फिरला. काकूंनी चहा केला. मला वाटलं काम झालं.

मंगळवार

पुन्हा तेच. चादरी लावल्या होत्या, दुसऱ्या रिन्सनंतर थांबली. काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र लगेच लिहून घेतली: "बंद करून पुन्हा चालू केली का कधी कधी जाते पाणी." कधी कधी. पंप जळला असता तर कधीच गेलं नसतं. पंपाचं तोंड नाण्यानं अडलं असतं तर तेही असं सुटत-अडकत सहसा राहत नाही. म्हणजे आत काहीतरी हलणारं आहे.

बुधवार

आज बादलीची चाचणी केली. घरी कुणालाही करता येते, म्हणून नीट सांगते. 20 लिटरची बादली घ्यायची आणि मापानं पाणी ओतत तिच्यावर 2-2 लिटरच्या खुणा करायच्या. मशीनच्या मागचा ड्रेन पाइप भिंतीच्या नळीतून काढून बादलीत सोडायचा, पण बादली स्टुलावर ठेवायची, पाइपाचं तोंड नेहमी असतं त्याच उंचीवर, साधारण दोन-अडीच फुटांवर. बादली जमिनीवर ठेवली तर पाइप भरला की पाणी आपोआप ओढलं जातं आणि मरतुकडा पंपही चांगला वाटतो. ही चूक बरेच जण करतात. पाइप हातानं घट्ट धरायचा, नाहीतर पहिल्या झटक्यात बाल्कनी धुऊन निघते.

रिकाम्या मशीनला रिन्सचं पाणी घेऊ दिलं आणि ड्रेन लावला. पहिल्या वेळी 12 लिटर 50 सेकंदांत आले. चांगला पंप मिनिटाला दहा-पंधरा लिटर फेकतो, त्यामुळे पंप ठीक. दुसऱ्या वेळी पुन्हा पाणी भरून लावला, तर पहिले 2 लिटर जोरात आले आणि मग धार एकदम करंगळीएवढी झाली. त्याच क्षणी आवाजही बदलला. आधी भरीव घूं-घूं होती, ती कोरडी घरघर झाली, डब्यात खडे हलवल्यासारखी.

मी जमिनीला कान लावून तो आवाज तीनदा ऐकला. पंपाच्या पुढे पाइप तुंबला असेल तर पंपात पाणी भरलेलं असतं, ते कुठे जात नाही, आणि आवाज दबका येतो. पंपातला पंखाच अडकला असेल तर नुसती गुणगुण ऐकू येते. घरघर म्हणजे पंपाला पाणीच मिळत नाही, तो हवा घुसळतोय. पाणी टबात आहे, पंपापर्यंत येत नाही. अडथळा या दोघांच्या मधे.

आता शनिवारची ती बारीक नळी आठवली. ती पंपाच्या अलीकडे, फिल्टरच्या घरट्यालाच जोडलेली असते. टब भरलेला असताना तिच्यातून संपेपर्यंत एकसारखी धार यायला हवी. लगेच थेंबांवर येत असेल तर टबातून फिल्टरपर्यंतची वाट बंद आहे, एवढं ती पहिल्याच दिवशी सांगत होती. पुन्हा लावून पाहिलं: पाव लिटरभर पाणी आलं, मग टप... टप. काचेत पाणी तसंच. मग ताटली लावून फिल्टर दोन आटे सैल केला. एरवी एवढ्या पाण्यावर असं केलं तर खोलीभर पूर येतो, म्हणून टब रिकामा केल्याशिवाय कुणी करू नये. इथे एक वाटी पाणी आलं आणि थांबलं. आता शंका उरली नाही.

तरी पंप तपासून घेतला, कारण शनिवारी त्याच्यावर नाणं आपटत होतं. प्लग काढलेलाच होता. फिल्टरच्या भोकातून काडीनं पंखा फिरवला: अडखळत, टप्प्याटप्प्यानं फिरतो. नवशिक्या माणसाला वाटतं जाम झालाय, पण आत चुंबक असतं आणि चांगला पंखा असाच अडखळतो. गुळगुळीत, सैल, भिंगरीसारखा फिरला तर उलट काळजी करावी, पंखा दांड्यापासून सुटलेला असू शकतो. वायर काढून कॉइलवर मीटर लावला: 164 ओहम. या पंपांत शंभर ते दोनशेच्या दरम्यान आलं की कॉइल शाबूत समजायची. बर्डीच्या बाजारातून नवा पंप आणायचा विचार तिथेच सोडला.

शनिवार, पुन्हा

टब रिकामा व्हायला हवा होता आणि वाट तर बंद. म्हणून शुक्रवारी रात्री बारीक नळी ताटलीत सोडून ठेवली आणि काकूंना दर दीड-दोन तासांनी ताटली ओतायला सांगितलं. सकाळी टब रिकामा.

ही मशीन साठ-पासष्ट किलोंची असते, आत काँक्रीटचा ठोकळा असतो. एकट्यानं वाकवू नये. भावाला घेऊन गेले. मशीन मागे भिंतीला टेकवली, पुढच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले, तरीही भाऊ पूर्ण वेळ धरून उभा होता. खालची पत्र्याची प्लेट चार स्क्रूंवर होती. आत टबाच्या तळातून पंपाकडे येणारा काळा घडीदार रबरी पाइप दिसतो, आपल्याकडे त्याला बेलो म्हणतात. त्याची तारेची क्लिप पकडीनं दाबून वर सरकवली आणि बेलो ओढला.

आत बाळाचा मोजा होता. पिवळा, माझ्या अंगठ्याएवढा, टाचेवर बदकाचं चित्र. टाचेचा भाग टबाच्या तोंडाशी आणि शेपटी बेलोच्या घडीत रुतलेली. साबण आणि दोऱ्यांनी तो चामड्यासारखा निबर झाला होता. काकूंची मुलगी दिवाळीत बाळाला घेऊन आली होती, तेव्हाचा.

मोजा हातात घेतल्यावर सगळ्या गोष्टी जुळल्या. पंपानं पाणी ओढलं की मोजा तोंडावर ताणला जाऊन झाकणासारखा बसायचा. पंप बंद झाला की मागच्या पाइपात उभं असलेलं पाणी उलटं खाली यायचं (या मशीनला ते अडवणारी झडप नाही), त्याचा धक्का मोज्याला खालून बसायचा आणि कधी तो बाजूला व्हायचा. काकूंचं "बंद करून चालू केली का जाते" ते हेच. माझी शनिवारची रिकामी चाचणी पास झाली तीही यामुळेच. मोज्यासारखा अडथळा एका फेरीत पकडता येत नाही, दोन-तीनदा भरून रिकामं करावं लागतं.

तो तिथे गेला कसा, हेही पाहिलं. ड्रमच्या भोकांतून मोजा जात नाही. दाराचा रबर आणि ड्रमची कड यांच्यामधे फट असते. मशीन ठासून भरली की वरचे छोटे कपडे त्या फटीवर दाबले जातात आणि फिरता फिरता ड्रमबाहेरच्या टबात पडतात. तिथून उताराची एकच जागा, बेलो. रबराची घडी बोटानं उलटून पाहिली तर तिथे आणखी एक बटण आणि पिन मिळाली.

बेलो धुतला, उजेडाकडे धरून चिरा पाहिल्या, क्लिप पूर्वीच्याच खुणेवर बसवली. प्लेट लावायच्या आधी टबात पाच लिटर पाणी घेऊन दहा मिनिटं जोडाखाली कोरडा कागद ठेवला. कोरडाच राहिला.

मग बादली, तीन वेळा: 12 लिटर 48, 50 आणि 49 सेकंदांत. त्यानंतर चादरींची पूर्ण फेरी, स्पिनसकट.

हे सगळं पंपवाल्या फ्रंट लोडचं आहे. टॉप लोडमधे बहुतेक ठिकाणी पंप नसतोच, ड्रेन मोटर तार ओढून खालचा व्हॉल्व्ह उघडते आणि पाणी स्वतःच्या वजनानं जातं. तिथे मोटर तार ओढते का आणि व्हॉल्व्हच्या रबरात काही अडकलंय का, तिथून सुरुवात करावी. आणि काचेत पाण्याचा थेंब नसताना मशीन स्पिन नाकारत असेल, तर पाण्याच्या वाटेत शोधू नका, सेन्सरची बारीक नळी आणि हवेची कुपी उघडा. माझ्याकडे तसं एक मशीन प्रतापनगरहून आलंय, पुढची नोंद त्याचीच.

काकूंनी मोजा गरम पाण्यात भिजत घातलाय. दुसरा मोजा मुलीकडे अजून आहे म्हणे.