स्टूलावर चढायचा कंटाळा

घणसोलीच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या काकांची इंटरनेटची तक्रार होती. प्लॅन २०० एमबीपीएसचा, स्पीड नव्वदच्या वर जात नाही. आमच्या इंटरनेट कंपनीच्या ऑफिसातून फोनवरच 'राउटर बदला' असं सांगून टाकलं होतं. फोनवरून निदान करणाऱ्यांना एकदा तरी माळ्यावर चढवायला हवं. काकांनी साडेतीन हजारांचा नवा राउटर आणला, तरी आकडा तोच.

असल्या वेळी मी राउटर बाजूला काढतो आणि लॅपटॉप वायरने फायबरच्या डब्याला जोडतो. वायफाय बंद करायचं, ग्राहकाचं यूजरनेम-पासवर्ड टाकून PPPoE जोडायचं. अकाउंट राउटरच्या मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेलं असतं, म्हणून आधी ऑफिसला फोन करून ते सोडवून घ्यायचं. नाहीतर कनेक्शन लागतच नाही आणि उगाच लाइनवर बिल फाटतं. एवढं करूनही स्पीड कमीच आला तर राउटर सुटला, दोष आमच्याकडे.

स्पीड आला ९४.

म्हणजे लाइन. पण डब्यावरचा लाल दिवा बंद, प्रकाशाची पातळी उणे १९, म्हणजे चांगली. ऑफिसात प्रोफाइलही २००चंच. फायबरचे जॉइंट मारणाऱ्या पोरांना मी बोलावलंसुद्धा. मग सहज लॅपटॉपच्या इथरनेट सेटिंगमध्ये पाहिलं:

```
Link speed (Receive/Transmit): 100/100 (Mbps)
```

माझ्या लॅपटॉपचा पोर्ट गिगाबिटचा आहे, डब्याचाही. मग शंभर कुठून आले?

डबा दाराजवळच्या माळ्यावर होता. स्टूलावर चढायचा कंटाळा म्हणून मी हॉलमध्ये राउटरमधून निघालेलंच टोक लॅपटॉपला लावलं होतं. राउटर बाजूला झाला, पण भिंतीवरच्या पट्टीतून आलेली बारा-पंधरा मीटरची वायर तीच राहिली. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात. बाकीच्या दोन जोड्यांतली एक तार तुटली की बहुतेकदा दोन्हीकडची उपकरणं गुपचूप शंभरावर उतरतात, आणि त्यातून हाती येतात ते ९४-९५. नेट चालू राहतं, त्यामुळे वायरीवर कुणाला संशय येत नाही.

स्टूलावर चढलो, माझी एक मीटरची वायर थेट डब्यात लावली. लिंक १०००, स्पीड २०३. तुटलेली जागा शू-रॅकच्या मागे सापडली. फर्निचरवाल्याचा स्क्रू पट्टीतून आरपार गेला होता.

नवी वायर टाकली. काका म्हणाले, "जुना राउटर अजून आहे माझ्याकडे." लावला. वायरने १९६.

"मग हा कशाला घ्यायला लावलात रे?"

जॉइंटवाल्या पोरांना फोन केला, तर ती खाली गेटवर पोचली होती. परत जाताना रबाळ्याच्या सिग्नलला आठवत बसलो, की गेल्या वर्षभरात 'लाइन फॉल्ट' लिहून किती घरांतून निघालो आणि त्यातल्या किती ठिकाणी डबा माळ्यावर होता.