हाफच्या आधीचा आठवडा: किलोमीटर निम्मे, वेग तोच

हाफ मॅरेथॉनची रेस रविवारी आहे, २१.१ किमी. लक्ष्य किलोमीटरला ५:२५ चा पेस, म्हणजे एक तास चौपन्नच्या आसपास. ही नोंद गुरुवारी संध्याकाळी लिहितोय. टेपरचं, म्हणजे रेसआधी सराव कमी करण्याचं, मुख्य काम आज सकाळी संपलं, पुढचे दोन दिवस फक्त बिघडवायचं नाही एवढंच.

आधी आकडे. माझा नेहमीचा आठवडा ५० किमीचा: मंगळवारी इंटरव्हल्स धरून १०, बुधवारी हलके ८, गुरुवारी टेम्पो, म्हणजे सलग वेगातला तुकडा, धरून १०, शनिवारी हलके ६ आणि रविवारी १६ चा लाँग रन. सोमवारी आणि शुक्रवारी सुट्टी. या वेळी गेल्या रविवारचा लाँग रन १० वर आणला. मंगळवार ६, बुधवार ४, गुरुवार ५ आणि शनिवारी ३ ठेवले. रविवार ते शनिवार बेरीज २८ होते. ५० च्या जागी २८, म्हणजे ४४ टक्के कपात. टेपर मोजताना बरेच जण रेसचे २१ किमीही त्याच आठवड्यात धरतात आणि मग ‘कपात झालीच नाही’ म्हणून घाबरून अजून एक दिवस कापतात. मोजायचे ते रेसच्या आधीचे सात दिवस.

पळायचे दिवस मात्र तेवढेच ठेवले आहेत आणि वेगही तोच. मंगळवारी नेहमी ५:०५ ने एक-एक किलोमीटरचे पाच तुकडे असतात. या वेळी दोनच केले, पण ५:०५ नेच. आज टेम्पो पाच किलोमीटरऐवजी दोन किलोमीटर झाला, पेस ५:२५. आमच्या पळण्याच्या ग्रुपात ‘टेपर म्हणजे सगळं निवांत’ असं समजणारे निम्मे तरी आहेत, म्हणून यावर जरा थांबतो.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मध्यम पल्ल्याच्या धावपटूंवर झालेला एक जुना प्रयोग आहे, १९९२ साली प्रसिद्ध झालेला. त्याच धावपटूंना तीन प्रकारचे आठवडे करायला लावले. एकात अंतर फार कमी, पण जे होतं ते खूप वेगात. दुसऱ्यात अंतर बऱ्यापैकी, पण सगळं संथ. तिसऱ्यात निव्वळ विश्रांती. नंतर ट्रेडमिलवर ठरावीक वेगाने दमून थांबेपर्यंत पळवलं. कमी पण वेगवान आठवड्यानंतर ते २२ टक्के जास्त वेळ टिकले, संथ आठवड्यानंतर ६ टक्के, आणि निव्वळ विश्रांतीनंतर काहीच फायदा दिसला नाही. २२ टक्के ऐकून हुरळून जाऊ नका. ती दमेपर्यंत टिकण्याची वेळ आहे, रेसची वेळ इतकी कमी होत नाही. शिवाय ते १५०० मीटरवाले लोक होते, आपण हाफवाले. तरी तिन्हींचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

असं का होतं? सरावातून दोन गोष्टी एकदम साठतात, तयारी आणि थकवा. थकवा लवकर उतरतो, तयारी हळू उतरते. व्यायामशास्त्रज्ञ एरिक बॅनिस्टर यांच्या १९७५ च्या गणिती मॉडेलमध्ये पुढे जे आकडे रूढ झाले, ते तयारीसाठी ४५ दिवस आणि थकव्यासाठी १५ दिवस असे आहेत, म्हणजे सराव थांबवला तर तेवढ्या दिवसांत त्यातलं जवळजवळ दोन-तृतीयांश उतरतं. ते धरून हिशेब केला तर सात दिवस काहीच न करता थकवा ३७ टक्के उतरतो आणि तयारी १४ टक्के. हे मॉडेल आहे, कोणाच्या पायाचं मोजमाप नव्हे. पण त्यातून दिसतं की पूर्ण सुट्टी फुकट नसते. त्यातही आधी जातं ते रक्तातलं पाणी. पळणाऱ्याच्या अंगात प्लाझ्मा जास्त असतो, आणि पळणं पूर्ण थांबलं की काही दिवसांतच तो कमी व्हायला लागतो. मग प्रत्येक ठोक्याला हृदय कमी रक्त ढकलतं आणि त्याच पेसला ठोके वाढतात. ग्रुपातल्या एकाने मागे आठवडाभर बूटच घातले नव्हते. रेसमध्ये पहिल्या पाच किलोमीटरलाच त्याचा पल्स टेम्पोसारखा चढला होता, आणि तो दोष घड्याळाला देत होता.

वेगातले छोटे तुकडे ही गळती रोखतात. थकवा मुख्यतः अंतरातून येतो, म्हणून ते कापायचं. २००७ मध्ये बॉस्के आणि सहकाऱ्यांनी टेपरवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही हेच निघालं: अंतर ४१ ते ६० टक्के कमी करा, वेग आणि पळायचे दिवस जवळजवळ तेच ठेवा, सगळं मिळून दोन आठवडे. सरासरी फायदा दोन टक्क्यांच्या आसपास. माझ्या एक तास चौपन्नवर तो सव्वादोन मिनिटं होतो. त्या अभ्यासांतले सगळे स्पर्धात्मक खेळाडू होते. आपला थकवा त्यांच्याएवढा साठलेला नसतो, म्हणून मी पूर्ण सव्वादोन मिनिटांची आशा धरत नाही. आणि जो आठवड्याला २५ किमीच पळतो त्याने निम्मं कापू नये असं माझं मत आहे. त्याच्याकडे उतरवायला थकवाच कमी असतो. त्याला लाँग रन आठ किलोमीटरवर आणला आणि बाकीच्या दिवशी थोडं थोडं कमी केलं तरी पुरे.

आता सोलापूरचा खास प्रश्न: रेसचा आठवडा आणि गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, एकत्र आलेत. मंगळवारी भोगी आणि अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, बुधवारी संक्रांत आणि अक्षता सोहळा. पार्क चौक, होम मैदान आणि सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला पहाटेसुद्धा पळायला जागा नाही, म्हणून सगळे तुकडे विजापूर रोडवर कंबर तलावाच्या बाजूला केले. जागेचा प्रश्न सुटला, पण चालण्याचा नाही सुटला. आमच्यातले एक अण्णा दरवर्षी बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर अनवाणी चालतात. त्यांनी विचारलं, “पळायचं कमी म्हणतोस, मग चालायला काय हरकत?”

हरकत चालण्याला नाही, ते हिशेबात न धरण्याला आहे. दिवसभर अनवाणी डांबरावर चालणं आणि थांबून थांबून उभं राहणं याने दम लागत नाही, पण पोटऱ्या आणि तळव्यांवर लाँग रनएवढा भार येतो. घड्याळात पल्स ९५ दिसतो, त्यामुळे ट्रेनिंग लोडचा आकडा जवळजवळ शून्य राहतो. तो आकडा पाहून मंगळवारी सकाळी पळून मग मिरवणुकीला जाणं म्हणजे कापलेलं सगळं परत भरणं. यात्रा सोडा असं अण्णांना सांगण्यात अर्थ नव्हता, ती त्यांच्या घरातली सेवा आहे. म्हणून त्यांचा आठवडा असा फिरवला: वेगातले दोन तुकडे सोमवारी सकाळीच उरकले, मंगळवारी पळणं शून्य, बुधवारी अक्षता बघून घरी. गुरुवारी माझ्याबरोबर पाच किलोमीटर, त्यात दोन त्यांच्या रेस पेसने. आज पहिल्या किलोमीटरला त्यांच्या पोटऱ्या ताठ होत्या, दुसऱ्याच्या शेवटी मोकळ्या झाल्या. तशा झाल्या नसत्या तर शनिवारचे तीन किलोमीटर रद्द करायचे असं आधीच ठरलं होतं.

मला स्वतःला बुधवारी उजव्या गुडघ्यात काहीतरी जाणवलं, रात्री डाव्या घोट्यात, आज सकाळी कशातच नाही. टेपरमध्ये हे होतंच. पळणं कमी झालं की लक्ष सगळं अंगाकडे जातं. काळजीचं दुखणं ओळखायला माझा नियम साधा आहे. जागा बदलत असेल आणि दहा मिनिटं जॉग केल्यावर विसरायला होत असेल तर सोडून द्यायचं. एकाच जागी बोट ठेवता येत असेल, तिथे दाबल्यावर दुखत असेल, पळताना वाढत असेल किंवा पाय वाकडा पडत असेल तर तो टेपरचा खेळ नाही, फिजिओकडे जायचं.

आजच्या दोन किलोमीटरचा पल्स १६३ आला. याच पेसला तीन आठवड्यांपूर्वी १६६ होता. तीन ठोक्यांवरून मी काही सिद्ध करणार नाही, आज थंडीही जास्त होती. मला महत्त्वाचं वाटलं ते हे की दुसऱ्या किलोमीटरला अण्णांशी पूर्ण वाक्यात बोलता येत होतं आणि थांबायचं तेव्हा अजून एक मारावासा वाटत होता. तो मारला नाही. टेपर बहुधा याच जागी बिघडतो, पाय हलके झाले की लोक शुक्रवारी-शनिवारी ‘टेस्ट’ घेतात.

वजन सोमवारपेक्षा ७०० ग्रॅम जास्त आहे. यात चरबी नाही. पळणं कमी आणि जेवण तेच, त्यामुळे स्नायूंत ग्लायकोजेन भरतोय, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. हे बघून जे भात कमी करतात ते भरत आलेली टाकीच रिकामी करतात. भोगीची बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी मंगळवारी पोटभर खाल्ली, त्या दिवशी चालतं. उद्या दुपारपासून मात्र भाकरी, उसळ आणि शेंगाचटणी बंद, कारण तंतू आणि तेल रविवारी पहाटे पोटात नकोत. भात, पातळ वरण, बटाटा, केळी, आणि तिळगुळाऐवजी नुसता गूळ. एकदम ताट वाढवायचं नाही, भाजी-तेलाची जागा भाताला द्यायची.

उद्या रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम आहे. घरच्यांनी जायचं ठरवलंय, मी गच्चीवरून जेवढं दिसेल तेवढं बघून झोपणार. रेसच्या आदल्या रात्री झोप नीट लागत नाही हे धरूनच चालायचं, म्हणून शुक्रवारची झोप मला जास्त मोलाची वाटते.

शनिवारी सकाळी तीन किलोमीटर हलके, शेवटी वीस-वीस सेकंदांचे चार स्ट्राइड्स, म्हणजे वेगातले छोटे तुकडे, मधे पूर्ण श्वास येईपर्यंत चालणं. तेच बूट आणि तेच मोजे, रविवारी घालायचे ते. मग बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणायला जायचं, रांगेत उभं राहायचं काम मुलाला सांगितलंय. रविवारचे पाच-पाच किलोमीटरचे स्प्लिट्स आणि पल्स पुढच्या नोंदीत टाकतो, अण्णांचेही.