"तुम्ही म्हणाल तसं"

प्रभादेवीच्या एका औद्योगिक गाळ्यातल्या ऑफसेट छापखान्यात मी प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून रुजू झाले तेव्हा मला सव्वीसावं वर्ष लागलं होतं. हाताखाली अकरा माणसं होती आणि त्यांतली आठ माझ्या वडिलांच्या वयाची. चाररंगी मशीनवरचे काका सत्तावन्न वर्षांचे. गिरगावात ट्रेडल मशीनवर खिळ्यांची छपाई करत ते या धंद्यात आले, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. रोज डोंबिवलीहून यायचे आणि मशीनला हात लावण्याआधी फीडरजवळच्या कागदाच्या थप्पीवर तळवा ठेवायचे. मला तो सवयीचा भाग वाटायचा. ते काय बघतात, हे मी कधी विचारलं नाही.

तिसऱ्याच आठवड्यात आमची ठिणगी उडाली. एका कॅटलॉगच्या लॉटमध्ये किरमिजी रंग उतरत चालला होता. काका नजरेने बघून शाईच्या चाव्या फिरवत होते. मी डेन्सिटोमीटर, म्हणजे छापलेल्या शाईचा गडदपणा मोजणारं यंत्र, लावला. सुरुवातीला १.४५ असलेला आकडा १.२५ वर आला होता. मी दोन हेल्परसमोर म्हणाले, "काका, अंदाजाने नको, आकडा बघून चावी फिरवा." माझं म्हणणं बरोबर होतं आणि आजही मी त्यावर ठाम आहे. डोळा हळूहळू बदलणाऱ्या रंगाला सरावतो, कितीही मुरलेला असला तरी. पण मी ते कुठे आणि कुणासमोर बोलले, याचा मी विचार केला नव्हता. काका एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम."

त्यानंतर चार महिने मला प्रत्येक गोष्टीवर हेच उत्तर मिळालं. प्लेट आधी कुठली लावायची? तुम्ही म्हणाल तसं. मशीनचं रबरी ब्लँकेट आज बदलू या का? तुम्ही म्हणाल तसं. मला वाटलं, माणूस सरळ झाला. उलट बाइंडिंगच्या मावशी रोज माझ्याशी भांडायच्या, घड्यांचं मशीन असं लावू नका, तसं लावू नका म्हणून हातातलं काम टाकून यायच्या. मालकांशी बोलताना मी काकांचं कौतुक करायचे आणि मावशींची तक्रार. खरं तर माहिती मला मावशींकडूनच मिळत होती.

सप्टेंबरचा शेवट, परतीचा पाऊस आणि दिवाळी अंकाचा हंगाम. एका अंकाचे दोन रंगीत फॉर्म आमच्याकडे होते. वीस बाय तीस इंचांचा ताव, एका तावावर सोळा पानांचा एक फॉर्म, नव्वद ग्रॅमचा आर्ट पेपर, प्रती सहा हजार. म्हणजे एका फॉर्मला बारा रीम, वाया जाणारे ताव वेगळे. पहिला फॉर्म जाहिरातींचा होता. त्यात गडद चाररंगी पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं सोडलेली होती, म्हणजे रजिस्टर, चारही रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, केसाएवढंही हललं तर अक्षरांना रंगीत कडा येणार. दुसरा फॉर्म लेखांचा, काळा मजकूर आणि फक्त शीर्षकांना एक रंग.

मी आठवडाभर वेळ मोजत होते. सकाळी रीमची वेष्टनं फाडणं, ताव फडफडवून त्यांत हवा भरणं, थप्पी लावणं, यात रोज पाऊण तास जायचा. म्हणून संध्याकाळी सातला मी फळ्यावर लिहिलं: उद्याचा कागद रात्रपाळीने उघडून थप्प्या लावून ठेवणे. मशीन आठला सुरू.

काका डबा पिशवीत घालून निघाले होते. त्यांनी फळा वाचला, मग खिडकीबाहेर पावसाकडे बघितलं.

"सगळा?" त्यांनी विचारलं.

"हो, सगळा."

"तुम्ही म्हणाल तसं."

त्या एका "सगळा?" मध्ये त्यांनी मला सांगता येईल तेवढं सांगितलं होतं. मी घाईत होते, मला फक्त होकार ऐकू आला.

रात्री मशीनरूमचा एसी बंद असतो, विजेचं बिल वाचावं म्हणून. कागदाला पन्नास-पंचावन्न टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत पावसाळी रात्री ती ऐंशीच्या वर जाते. रीमचं वेष्टन आतून ओल अडवणारं असतं, ते फाडलं की कागद हवेतलं पाणी ओढायला लागतो. पण थप्पीतला ताव सगळीकडून सारखं पाणी पीत नाही. उघड्या असतात त्या फक्त कडा. कडांचे तंतू फुगतात, कडा लांबतात, मधला भाग तेवढाच राहतो आणि कडेला लाटा येतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. फळ्यावर लिहिताना आठवलं नाही, हेच मला जास्त लागलं.

सकाळी थप्पीवर तळवा ठेवला की लाट हाताला कळत होती. काका काही बोलले नाहीत. त्यांनी प्लेटा लावल्या, मशीन सुरू केलं आणि पहिले ताव काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवले. मी भिंग लावलं. ग्रिपरच्या बाजूला, म्हणजे मशीन ताव पकडतं तिथे, चारही रंग एकमेकांवर चोख बसले होते. शेपटाकडे, म्हणजे तावाच्या मागच्या कडेला, मात्र कोपऱ्यांत रंग फाटले होते. "काका, डावीकडे घ्या," मी म्हणाले. त्यांनी घेतलं. डावा कोपरा जुळला, उजवा आणखी फाटला. मी उजवीकडे घ्यायला सांगितलं. तेही त्यांनी केलं. असं तीनदा झालं आणि साडेतीनशे ताव वाया गेले.

चौथ्या वेळी मी दोन्ही कोपरे शेजारी ठेवून बघितले, तेव्हा दिसलं. मशीनमध्ये प्रत्येक रंगाचं युनिट वेगळं. डाव्या कोपऱ्यात पहिल्या युनिटचा काळा बाहेर डावीकडे गेला होता, उजव्यात बाहेर उजवीकडे. मशीनचं रजिस्टर चुकलं असतं तर दोन्हीकडे एकाच दिशेने सरकलं असतं. ताव स्वतःच शेपटाकडे पसरत असेल तरच असं होतं. पहिलं युनिट लाटा दाबून बाहेर ढकलतं, ताव रुंदावतो, आणि पुढच्या युनिटांची चित्रं त्या रुंदावलेल्या तावावर अपुरी पडतात. हे कुठल्याही स्क्रूने दुरुस्त होत नाही.

मी मशीन बंद करायला सांगितलं आणि दोन्ही हेल्परना चहाला पाठवलं. मग काकांना म्हणाले, "कागद उघडायचा हुकूम माझा होता. मालकांना आणि संपादकांना मीच सांगणार आहे, तुमचं नाव कुठे येणार नाही. तुम्हाला हे काल संध्याकाळीच माहीत होतं ना?"

ते बराच वेळ ब्लँकेट पुसत राहिले. मग म्हणाले, "माहीत होतं. तुमच्याआधी तिघं येऊन गेले, मॅडम. सांगितलं की म्हणायचे, तुमची जुनी पद्धत. मग म्हटलं, सांगायचं कशाला."

मला रडू येईल असं वाटलं. मी म्हणाले, "त्या दिवशी हेल्परसमोर बोलले, ते चुकलं. आकड्याचं चुकलं नाही, पण तसं बोलायला नको होतं."

"आकड्याचं बरोबरच होतं," ते म्हणाले. "तेवढंच तर लागलं."

पुढचा प्रश्न मी वेगळा विचारला. "काय करू या" असं विचारलं असतं तर तेच उत्तर आलं असतं. मी म्हणाले, "हा लॉट पूर्ण तुमच्या हातात असता, मी इथे नसते, तर आता पहिलं काय केलं असतं?"

त्यांनी हातातली चिंधी खाली ठेवली. रात्रपाळीच्या मामांनी चोवीसपैकी बाराच रीम उघडल्या होत्या. पुढच्या थप्पीला पॅलेटच नव्हतं. म्हणजे दुसऱ्या फॉर्मच्या बारा रीम बंद होत्या. काका म्हणाले, जाहिरातींचा फॉर्म त्या बंद कागदावर घ्या. दोन दिवस याच खोलीत पडलाय, वेगळा थंड-गरम व्हायचा प्रश्न नाही. एसी आता तासभर चालू द्या. एका वेळी दोनच रीम उघडायच्या, उरलेल्या थप्पीवर प्लास्टिक. भिजलेला कागद एसीत वजनाखाली ठेवा, परवा त्यावर लेखांचा फॉर्म जाईल, तिथे रंग एकमेकांत बसवायचे नाहीत. कडेचे फार वाकलेले ताव फेकावे लागतील, ते आधीच धरून चला.

माझ्या डोक्यात कागद नव्याने मागवायचा विचार होता. त्यात तीन दिवस आणि पैसे गेले असते. मी काकांचं ऐकलं. दुपारी तीनपर्यंत जाहिरातींचा फॉर्म निघाला, शेपटाकडेही चोख. संपादकांना मी फोन करून एक दिवस उशीर होईल असं सांगितलं आणि कारणही खरं सांगितलं. ते रागावले. ते माझं काम होतं, काकांचं नव्हे.

त्या दिवसापासून मी फळ्यावर लिहिण्याआधी दहा मिनिटं मशीनपाशी उभी राहते. "चालेल ना?" हा प्रश्न मी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर वयाने मोठा माणूस तरुण मॅनेजरला कायम हो असंच देतो. मी विचारते, "यात काय बिघडेल?" त्याला निदान एक तरी उत्तर द्यावंच लागतं. आकड्यांचा आग्रह मी सोडला नाही. डेन्सिटोमीटरची नोंद दर पाचशे तावांना होते. पण ब्लँकेट धुतल्यानंतर मशीन पुन्हा सुरू झालं की पहिल्या अडीचशेतच रंग हलतो, तेव्हा नोंद आधी घ्या, हे काकांनी सांगितलं आणि तपासल्यावर खरं निघालं. सगळंच असं जुळत नाही. शाई मिसळताना ते अजून वजनकाटा वापरायला तयार नाहीत, आणि त्यावर आमची रोज वादावादी होते. ती मला हवी असते.

तिसऱ्या दिवशी लेखांचा फॉर्म लागला. मंजूर तावावर सही मॅनेजरची असते. मी पेन काकांपुढे धरलं. त्यांनी आधी नकार दिला, मग चश्मा कपाळावर सरकवून शेपटाकडचा डावा कोपरा भिंगाखाली पुन्हा बघितला. माझ्या सहीखाली त्यांनी त्यांची सही केली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: "डावीकडे अर्धा ठिपका फरक. कागद उघडा राहिला होता."