मला का नाही सांगितलंस?

"काय ओ वहिनी, दोन्ही पोरं मार्गी लागली, आता मोकळ्या झालात की. मग सारखा फोन बघत कसली काळजी करत बसता?"

गिरणीत विचारता, भिशीत विचारता, परवा सिद्धेश्वराच्या देवळातसुद्धा विचारलंत. आजवर हसून वेळ मारून नेली, आज सांगते.

आधी त्या 'मोकळ्या'बद्दल. पाणी सुटलं की पूर्वी आमचं अख्खं घर उठायचं, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. पोरगा गच्चीवर टाकी बघायला पळायचा, पोरगी पिंपात पाइप धरून उभ्याउभ्या पेंगायची. चार-पाच दिवसांनी पाळी येणार, तोवर पाणी पुरवायचं म्हणून मी सगळ्यांवर ओरडायची. आता पुढची पाळी येते तेव्हा निम्मं पिंप भरलेलंच असतं. ते शिळं पाणी मी झाडांना घालते आणि पिंप घासताना मला रडू येतं. पाणी उरलं म्हणून सोलापुरात कुणी रडतं का? मी रडते.

छंद लावून घ्या म्हणता. भजनी मंडळात जाते, शेंगा चटणीच्या ऑर्डरीही घेते. पण बावीस वर्षं माझा दिवस कुणाच्या तरी भुकेवर आणि कुणाच्या तरी यायच्या वेळेवर चालला. ती वेळच राहिली नाही, तिथं भजन कसं पुरेल?

आता काळजीचं. पोरगा हैदराबादला, पोरगी पुण्याला. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये एका रात्री पोरीनं फोन उचलला नाही, म्हणून मी तिच्या मैत्रिणीला साडेबाराला उठवलं. पोरगी नुसती झोपली होती. सकाळी तिनं बजावलं, "आई, परत माझ्या रूममेटला फोन करायचा नाही." हेही म्हणाले, "तू पोरांना श्वास घेऊ दे." मी शब्द दिला.

ऑगस्टमध्ये तिचे फोन आखूड झाले. "मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलते." कॅमेरा बंद. व्हॉट्सॲपवर लास्ट सीन पहाटे दोन चाळीसचं, दुसऱ्या रात्री चार दहाचं. मी पडल्यापडल्या बघत होते. एवढ्या रात्री ही जागी का? पण शब्द दिला होता. चार दिवस मी गप्प राहिले. आपण किती शहाण्या झालो असंही वाटलं, हे कबूल करते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तिचाच फोन. "आई, घाबरू नकोस. डेंग्यू आहे. ताप उतरलाय, पण ॲडमिट केलंय."

सकाळच्या हुतात्मानं निघालो. कुर्डुवाडी गेलं, दौंड गेलं, मी एक शब्द बोलले नाही. दवाखान्यात तिच्या हाताला सुई टोचलेली, ओठ सुकलेले. प्लेटलेट्स अडतीस हजार. ताप पहिल्या चार दिवसांत होता. पाचव्या सकाळी उतरला, म्हणून बरं वाटलं समजून ती ऑफिसला निघाली. दुपारी पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात. तीच मैत्रीण, जिला मी रात्री उठवलं होतं, पोरीला रिक्षात घालून घेऊन आली.

डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते तुम्हीही ध्यानात ठेवा. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे दुखणं संपलं असं नव्हे, उलट पुढचे एक-दोन दिवसच जास्त धोक्याचे. रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, म्हणून ते नुसत्या प्लेटलेट्स बघत नव्हते, रक्त किती घट्ट झालंय हेही पुन्हा पुन्हा तपासत होते. पोटदुखी, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, एकाएकी आलेली ग्लानी, यातलं काहीही दिसलं की घरी थांबायचं नाही. आणि तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीच्या इतर गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पोरीनं दोन दिवस मेडिकलमधून तसलीच गोळी आणून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी आकडे वर यायला लागले, तेव्हा मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती भिंतीकडे बघून म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर मला तुलाही सांभाळावं लागलं असतं. तेवढी ताकद नव्हती गं."

मी बाहेर येऊन जिन्यात बसले. ते वाक्य अजून गेलेलं नाही. पोरीला माझी गरज होती, आणि माझ्या काळजीनंच तिचं तोंड बंद केलं होतं. मी घाबरते म्हणून ती लपवते, ती लपवते हे मला जाणवतं म्हणून मी अजून घाबरते. हे माझ्या ध्यानात यायला दवाखाना लागला.

सोलापूरला आल्यावर मी आपणहून मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ह्यांना आधी सांगितलं नव्हतं. पहाटे तीनला जाग येणं, छातीत धडधड, जेवण नको. त्यांनी आधी थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलं, पाळी कधी थांबली विचारलं. मग म्हणाल्या, "फोन बघितला की किती वेळ बरं वाटतं?" मी म्हटलं, पाच-दहा मिनिटं. "म्हणून मन परत बघायला लावतं. आणि दर वेळी ती दहा मिनिटं कमी होत जातात."

त्यांनी वही घालायला सांगितली. किती वाजता फोन बघावासा वाटला, काय भीती वाटली, शेवटी काय निघालं. पहिल्या दिवशी चौतीस नोंदी झाल्या. चौतीस! काळजीला संध्याकाळी पाचची अर्ध्या तासाची वेळ दिली. मधे भीती आली तर वहीत लिहायची आणि पाचपर्यंत थांबवून ठेवायची. पोरांशी बोलायची वेळ रात्री नऊची. आणि पोरीशी करार केला. आजारपण त्याच दिवशी सांगायचं, आणि मी तीनच प्रश्न विचारायचे: ताप किती, डॉक्टर काय म्हणाले, सोबत कोण आहे. रडायचं असेल तर फोन ठेवून.

आता नोंदी दहा-अकरावर आल्यात. पण सगळं पटलंय असं समजू नका. वहीतल्या भीती बहुतेक खोट्या निघाल्या, हे खरं. पण त्या चार रात्रींची भीती खरीच होती ना? मी डॉक्टरीणबाईंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही चार रात्री लास्ट सीन बघत होता. त्यातून डेंग्यू कळला का?" नाही कळला. पण काहीतरी बिघडलंय हे कळलं होतं, आणि मी शब्द पाळत बसले. जूनमध्ये फोन करणारी मी चुकले, की ऑगस्टमध्ये गप्प बसणारी? रात्री जाग आली की दोघी माझ्याशी भांडतात.

काल दुपारी पोरीचा आपणहून मेसेज आला. "सर्दी झालीय. ताप नाही. करार आहे म्हणून सांगतेय." पहाटेची वेळ नव्हती, कुणी विचारलेलं नव्हतं. मी तिन्ही प्रश्न लिहिले, उत्तरं आली. मग चौथा लिहिला: गरम वरणभात मिळेल का तिथं? पाठवून पुसला. तिनं तोवर वाचला होता. उत्तर अजून आलेलं नाही, आणि नऊ वाजायला बराच वेळ आहे.